कपाचा हिशेब मोरीत ठरतो

कागदी कप बरा की धुऊन वापरायचा मग, हे मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. माझं काम वस्तूंचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडण्याचं. त्याला लाइफ सायकल असेसमेंट म्हणतात, आमच्यात नुसतं एलसीए. या प्रश्नाला ‘मग’ किंवा ‘कप’ असं एका शब्दात उत्तर देणाऱ्यानं बहुधा हिशेब केलेला नसतो. अभ्यासाच्या पहिल्या दोन पानांवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: तुलना नेमक्या कोणत्या कामाची, म्हणजे फंक्शनल युनिट, आणि हिशेबाची रेघ कुठून कुठपर्यंत, म्हणजे सिस्टीम बाउंडरी. उत्तर जवळजवळ तिथेच ठरून जातं, पुढची सॉफ्टवेअरमधली पानं त्याची अंमलबजावणी करतात.

खाली जे लिहिते आहे ते पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनभोवती फिरतं. पाचशे माणसं, दिवसाला दोनदा चहा, वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस, म्हणजे वर्षाला अडीच लाख वेळा चहा. आकडे वाचकाला हातानं करून पाहता यावेत म्हणून गोल केले आहेत. जिथे मी ‘धरू’ म्हणते, तिथे तो आकडा उदाहरणापुरता आहे. तुमच्या कॅन्टीनसाठी तो तुम्हीच शोधायचा.

१. आधी एक वाक्य लिहा, आणि त्यात ना कप येऊ द्या ना मग

‘एक कप विरुद्ध एक मग’ ही तुलनाच नाही. कप पाच मिनिटांत कचऱ्यात जातो, मग काही वर्षं टिकतो. हे सगळ्यांना कळतं, म्हणून पुढची पायरी असते ‘एक वापर विरुद्ध एक वापर’. ते थोडं बरं, पण वापर कशाला म्हणायचं हे अजून मोकळंच राहतं. कॅन्टीनचा कागदी कप काठोकाठ भरला तर दीडशे मिली, त्यात चहा येतो शंभर. मग अडीचशे मिलीचा. कुणी चतुराईनं ‘प्रति लिटर क्षमता’ असं एकक घेतलं, तर मग काहीही न करता जिंकतो, कारण त्याच्या रिकाम्या जागेलाही गुण मिळतात.

आमचं वाक्य शेवटी असं झालं: कॅन्टीनमध्ये बसून पिणाऱ्या माणसाला शंभर मिली गरम चहा, हातात धरता येईल अशा स्वच्छ भांड्यातून देणं, असं हजार वेळा.

यातला प्रत्येक शब्द कशावर तरी पहारा देतो. ‘बसून’ लिहिल्यामुळे चहा घेऊन मशीनपाशी जाणारे लोक बाहेर पडले. त्यांना झाकण लागतं, मग त्यांचं काम करत नाही, आणि न होणाऱ्या कामाची तुलना करायची नसते. त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागला. ‘हातात धरता येईल’ लिहिल्यावर एकात एक घातलेले दोन कागदी कप हिशेबात आले. आपला चहा उकळून येतो आणि एका पातळ कपानं बोटं भाजतात, त्यामुळे बरेच जण दोन कप उचलतात. ‘स्वच्छ’ हा सगळ्यात महागडा शब्द. नवा कप पाकिटातून निघतो. नळाखाली नुसता खंगाळलेला मग त्याच्या बरोबरीचा आहे का? हे मी ठरवत नाही. कॅन्टीनचा स्वतःचा स्वच्छतेचा नियम काय आहे ते विचारते आणि तो वाक्याला जोडते. नियमात साबण आणि गरम पाणी असेल, तर मगाच्या खात्यात साबण आणि गरम पाणी पडणारच.

वाक्य बरोबर आहे का हे तपासायची माझी एक साधी रीत आहे. कप आणि मग दोघांनाही बाजूला ठेवायचं आणि तिथे स्टीलचा पेला घालून बघायचा, कुल्हड घालून बघायचा. वाक्य तसंच उभं राहिलं तर ते कामाचं वाक्य आहे. वाक्यात कुठेतरी ‘कान असलेला’ किंवा ‘फेकून देता येण्याजोगा’ असं डोकावलं, तर लिहिणाऱ्यानं निकाल आधीच ठरवून ठेवला आहे.

एक बारकावा ऑफिसच्या मजल्यावर सापडला. टेबलावर स्वतःचा मग ठेवणारी माणसं दिवसात दोन-तीन चहा त्याच मगातून घेतात आणि संध्याकाळी एकदाच धुतात. एकक ‘मगाचा एक वापर’ असतं तर ही गोष्ट दिसलीच नसती. एकक ‘चहा देणं’ आहे, म्हणून एका चहामागे धुण्याचा अर्धा किंवा तिसराच हिस्सा येतो. हे तिसऱ्या कलमात किती मोठं ठरतं ते बघा.

२. पुरवठादाराच्या पत्रकावरून नव्हे, काट्यावरून आणि कचऱ्याच्या पिंपातून मोजा

वाक्य ठरलं की ते पार पाडायला प्रत्यक्ष किती माल लागतो ते काढायचं. याला रेफरन्स फ्लो म्हणतात. कपाचं वजन पत्रकात असतं, पण पन्नास कप एकदम स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले की खरं वजन कळतं. एकच कप ठेवाल तर काट्याची अचूकताच कमी पडते. आमच्या उदाहरणात पन्नास कप दीडशे ग्रॅम, म्हणजे एक कप तीन ग्रॅम. त्यातला साधारण दहावा हिस्सा आतल्या पॉलिथीनच्या अस्तराचा, बाकी कागद.

किती कप लागतात हे मात्र खरेदीच्या बिलावरून आणि दिलेल्या चहांवरून काढायचं. हजार चहांमागे हजार कप कधीच लागत नाहीत. दुहेरी कप, पाणी प्यायला उचललेले कप, गठ्ठ्यात दबून वाकलेले कप. आपण हजार चहांमागे १२५० कप धरू. म्हणजे पावणेचार किलो माल. कागद, अस्तर, कप वळण्याचं यंत्र, वाहतूक आणि पुठ्ठ्याची खोकी मिळून किलोमागे दोन किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एका चहामागे साडेसात ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, मगाची सगळी लढाई त्याच्याशी आहे.

३. मग भट्टीत हरत नाही, मोरीत हरतो

या विषयात नव्यानं आलेल्या प्रत्येकाला मी एक जुना अभ्यास वाचायला देते. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ साली वेगवेगळ्या कपांची ऊर्जेच्या अंगानं तुलना केली. त्यांच्या हिशेबात चिनी मातीचा मग बनवायला सुमारे १४ मेगाज्यूल ऊर्जा लागते, कागदी कपाला ०.५५ आणि थर्मोकोलसारख्या फोमच्या कपाला जेमतेम ०.२. मग डिशवॉशरमध्ये एकदा धुवायला सुमारे ०.१८. यावरून मगानं कागदी कपाची बरोबरी करायला ३९ वापर लागतात, आणि फोमच्या कपाची बरोबरी करायला १००६.

हे दोन आकडे गेली तीस वर्षं लोक एकमेकांच्या तोंडावर फेकत आले आहेत. पण त्यातली खरी गोष्ट वजाबाकीत आहे. प्रत्येक वापराला मग जे वाचवतो ते म्हणजे फेकायच्या कपाची ऊर्जा वजा धुण्याची ऊर्जा. कागदी कपाच्या बाबतीत ही वजाबाकी ०.३७ च्या आसपास येते, म्हणून १४ मेगाज्यूलचं कर्ज पटकन फिटतं. फोमच्या बाबतीत ती ०.०१४ एवढीच उरते, म्हणून हजार वापर लागतात. आता डिशवॉशर दहा टक्के जास्त ऊर्जा खाणारं निघालं, तर धुणंच फोमच्या कपापेक्षा महाग होतं आणि ते कर्ज कधीच फिटत नाही. मग कितीही वर्षं टिकवा. उलट यंत्र थोडं सुधारलं तर हजाराचे काही शे होतात. ज्या संख्येचा असा झोका होतो तिला निकाल म्हणून मिरवू नये. ती फक्त एवढंच सांगते की धुणं नीट मोजा.

तर आपल्या कॅन्टीनमध्ये धुणं मोजू. तीन पद्धती दिसल्या.

पहिली, इलेक्ट्रिक गीझरच्या पाण्यानं हातानं धुणं. एका मगाला अर्धा लिटर पाणी, २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवलेलं. अर्धा लिटर गुणिले ३५ अंश गुणिले ४.१९ म्हणजे ७३ किलोज्यूल, म्हणजे ०.०२ युनिट वीज. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. म्हणजे एका धुण्याला १४ ग्रॅम. कागदी कपाचे साडेसात होते. इथे मगानं हजार वर्षं काम केलं तरी तो मागेच राहणार.

दुसरी, कॅन्टीनचं डिशवॉशर. एका चौकोनी रॅकमध्ये पंचवीस मग बसतात आणि प्रत्येक फेरीला शेवटच्या खंगाळणीसाठी सुमारे तीन लिटर पाणी ८५ अंशांपर्यंत तापतं. तेवढी उष्णता पंचवीस मगांत वाटली की मगामागे सहा ग्रॅमच्या थोडं आत. साडेसातला हरवलं, पण निसटतं. आणि हे रॅक पूर्ण भरलेला असेल तर. अर्धा रॅक लावून बटण दाबलं की बारा ग्रॅम. चहाची सुट्टी संपायच्या आधी पहिले मग परत हवे असतात, म्हणून अर्धे रॅक लागतातच. यंत्राच्या माहितीपत्रकात हे नसतं. सुट्टीच्या वेळी यंत्रापाशी उभं राहून मोजावं लागतं. यंत्राच्या टाकीतली आणि भिंतीतून गळणारी उष्णता मी इथे धरलेली नाही. तिच्यासाठी वीज मीटर लावणं हाच खरा उपाय.

तिसरी, आपल्याकडची जुनी पद्धत: साबणाच्या पाण्यात बुडवून नळाच्या गार पाण्यानं धुणं. तापवायला काही नाही. एक लिटर पाणी तीस मीटर उंचीच्या टाकीत चढवायची वीज काढून पाहिली, ती एक दशांश ग्रॅमच्या आसपास येते. साबण आणि सांडपाणी धरून अर्धा ग्रॅम म्हणू. इथे मग कागदी कपाला सहज मागे टाकतो.

म्हणजे एकच मग, एकच कॅन्टीन, आणि एका चहामागे धुण्याचा भार अर्ध्या ग्रॅमपासून चौदा ग्रॅमपर्यंत. युरोपातल्या अभ्यासांचे निष्कर्ष आपल्याकडे उचलून आणायला म्हणूनच मी तयार नसते. तिकडच्या धुण्याला गरम पाणी आणि यंत्र गृहीत असतं, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी गार नळ. उलट दिशेनंही तेच: गार नळाचा फायदा घ्यायचा असेल तर पहिल्या कलमातल्या ‘स्वच्छ’ शब्दाला तो चालतो का, हे कॅन्टीननं लिहून द्यायला हवं. शेकडो लोकांच्या ओठांना लागणारं भांडं आहे. हिशेबासाठी स्वच्छतेचा नियम सैल करणं मला मान्य नाही.

वाटणीचा एक प्रश्नही इथे येतो. जेवणाच्या ताटांसाठी यंत्र चालणारच होतं आणि त्याच रॅकच्या रिकाम्या जागेत मग बसले, तर त्यांच्या वाट्याला किती ऊर्जा? कुणी म्हणेल शून्य, कुणी म्हणेल जागेच्या प्रमाणात. आयएसओ १४०४४ हे मानक सांगतं की शक्य तिथे वाटणी टाळा, म्हणजे प्रक्रिया वेगळ्या करून मोजा. आमच्या कॅन्टीनमध्ये चहाची वेळ जेवणापासून दूर होती, मगांच्या फेऱ्या वेगळ्याच चालत, त्यामुळे वाद मिटला. जिथे तो मिटत नाही तिथे मी दोन्ही पद्धतींनी आकडा काढून शेजारी ठेवते.

४. मगाचं आयुष्य कुणाला विचारू नका, खरेदीच्या वहीत बघा

‘मग किती टिकतो?’ असं विचारलं की ‘वर्षानुवर्षं’ असं उत्तर येतं. तुटण्यापर्यंतचं आयुष्य आणि कॅन्टीनमधून गायब होण्यापर्यंतचं आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग धुणाऱ्या मावशींनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं. “ताई, फुटतात कमी. टेबलावर पेनं ठेवायला जातात, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तर फारच.”

म्हणून हिशेब साधा ठेवते. वर्षभरात दिलेले चहा भागिले वर्षभरात नव्यानं घेतलेले मग. अडीच लाख चहा आणि पाचशे नवे मग असतील तर एका मगाचं सरासरी आयुष्य पाचशे वापर. फुटलेले, हरवलेले, पेनं ठेवायला गेलेले सगळे त्यात आपोआप आले. पहिल्या वर्षाची मोठी खरेदी मात्र वेगळी काढायची, नाहीतर आयुष्य फार कमी दिसतं. अडीचशे ग्रॅमच्या मगाला अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर पाचशे वापरांत चहामागे एक ग्रॅम.

गंमत बघा. वापर पाचशेचे हजार झाले तर हा एक ग्रॅम अर्धा होतो, एवढंच. धुण्याच्या पद्धतीनं मात्र साडेतेरा ग्रॅमचा फरक पडत होता. आमच्या बैठकांमध्ये ‘मग किती वेळा वापरला’ यावर तासभर चर्चा होते आणि रॅक भरलेला होता का, हे कुणी विचारत नाही. मोजणाऱ्यानं आपला वेळ कुठे घालवायचा हे या दोन आकड्यांवरून ठरवावं. आयुष्य निर्णायक ठरतं ते फक्त तेव्हा, जेव्हा वापर फार थोडे असतात. परिषदेत वाटलेला, नाव छापलेला मग घरी फडताळात जातो आणि वर्षातून चारदा निघतो. तिथे भट्टीचा अर्धा किलो खरंच जड पडतो.

५. रेघ कारखान्याच्या फाटकाशी ओढलीत तर कागद फुकट दिसेल

सिस्टीम बाउंडरीत सगळ्यात मोठी गफलत दोन टोकांच्या जोडणीत होते. कागद झाडापासून येतो आणि झाड वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं. काही पुरवठादार हे शोषण वजा करून कपाचा आकडा देतात आणि रेघ कारखान्याच्या फाटकाशी थांबवतात. करून पाहू. तीन ग्रॅमच्या कपात २.७ ग्रॅम कागद, त्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास कार्बन, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. सव्वा कपाचे साडेपाच. आपल्या साडेसात ग्रॅममधून हे वजा केले तर चहामागे दोनच ग्रॅम उरतात. कागदी कपानं काहीही न बदलता बाजी मारली.

पण तो कार्बन कपात कायमचा राहत नाही. कप जळला तर तो जसाच्या तसा परत हवेत जातो आणि जमाखर्च शून्य होतो, शिवाय अस्तराचं पॉलिथीन जळून ग्रॅम-सव्वा ग्रॅम वर येतो. म्हणून नियम एकच: शोषण मोजायचं असेल तर सुटणंही मोजा, किंवा दोन्ही सोडून द्या. शोषण घेतलं आणि रेघ फाटकाशी थांबवली, असं कधीच नाही.

आता तिसरी शक्यता. कप कचरा डेपोत दबला आणि हवेविना कुजला तर त्यातला काही कार्बन मिथेन होऊन निघतो. चहामागच्या सव्वा कपातल्या दीड ग्रॅम कार्बनपैकी तिसरा हिस्सा कुजला, त्यातला निम्मा मिथेन झाला असं धरू. निघतो जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम मिथेन, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास अठ्ठावीस पट भारी. म्हणजे नऊ ग्रॅम. कप बनवण्यापेक्षा जास्त! उघड्या, उथळ ढिगाऱ्यात हवा खेळते, तिथे मिथेन पुष्कळ कमी होईल. तेव्हा कचऱ्याचं टोक हे तळटीपेत टाकायचं काम नाही. तिसऱ्या कलमातल्या डिशवॉशरचा निसटता विजय या एका गृहीतकावर घट्ट होतो किंवा सुटतो.

मग हे कळायचं कसं? कॅन्टीनच्या मागच्या दारी जाऊन. कंत्राटदाराची गाडी कुठे जाते ते विचारा. ‘रिसायकल होतो’ असं उत्तर आलं तर भंगारवाला कपाला किलोमागे काय भाव देतो ते विचारा. अस्तरामुळे हे कप साध्या रद्दीत चालत नाहीत, आणि चहाचे ओले कप तर नाहीतच. भाव मिळत नसेल तर तो माल पुन्हा वापरात जात नाही, असं धरून चालायला हरकत नाही. आमच्या ठिकाणी काही कप बॉयलरपाशी जळत होते आणि काही ओल्या कचऱ्याबरोबर डेपोत जात होते. प्रमाण पक्कं कळेना, तेव्हा दोन्ही टोकांचे निकाल दिले.

रेघेबाहेर काय ठेवलं तेही सांगते: कॅन्टीनची इमारत, डिशवॉशर बनवण्याचा भार (अडीच लाख चहा आणि लाखो ताटांवर तो पसरतो), मावशींचा घरून येण्याचा प्रवास. वगळताना कारण आणि अंदाज लिहायचा, ‘नगण्य’ एवढाच शब्द पुरत नाही. साबण मी ठेवते. कार्बनमध्ये तो लहान दिसला तरी पाण्याच्या प्रदूषणाच्या रकान्यात तोच मगाचा मुख्य खर्च असतो. आणि कार्बनच्या रकान्यात जिंकणारा गार नळ पाण्याच्या रकान्यात सगळ्यांत वाईट ठरू शकतो, उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या कॅन्टीनमध्ये तर नक्कीच. टँकर आला की त्याचं डिझेलही रेघेच्या आत येतं.

६. चहा बाहेर ठेवा, पण आधी खात्री करा की तो दोन्हीकडे सारखाच आहे

तुलनेत दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं असलेलं वगळता येतं. चहापत्ती, साखर, दूध, गॅस सारखे, म्हणून बाहेर. बहुतेक अभ्यास इथेच थांबतात. पण कॅन्टीनवाला मगात चहा किती ओततो ते पाहा. दीडशे मिलीच्या कपात शंभर मिली भरलेले दिसतात. अडीचशेच्या मगात शंभर मिली ओतले की गिऱ्हाईक वर बघतं, आणि हात आपोआप सैल सुटतो. वीस-तीस मिली जास्त गेले तर? निम्मा चहा दूध असतो. एक लिटर दुधामागे दोन किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तरी तीस मिली जास्त चहातल्या पंधरा मिली दुधाचेच तीस ग्रॅम. आपण इतका वेळ साडेसात आणि सहा ग्रॅमवर भांडतो आहोत.

जास्तीचा चहा माणूस पितो की टाकतो, यावर त्याला काय म्हणायचं ते ठरतं. पीत असेल तर त्याला जास्त सेवा मिळाली, एकक बदललं. टाकत असेल तर तो भांड्याच्या खात्यावरचा अपव्यय. आमच्याकडे उपाय साधा निघाला, शंभर मिलीचं मापाचं पळं. माप ठरलं, चहा दोन्हीकडे सारखा झाला, आणि मग तो रेघेबाहेर ठेवायला माझी हरकत राहिली नाही.

७. निकाल अटींसकट लिहा

मॅनेजरसाहेबांनी शेवटी विचारलंच, “ताई, मग घेऊ की नको?” मी त्यांना दिलेल्या कागदावर तीन ओळी होत्या. गार पाण्यानं धुणं तुमच्या नियमात बसत असेल तर मग, आणि सत्तरेक वापरांत तो भट्टीचं कर्ज फेडतो. डिशवॉशर असेल तर रॅक भरल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मग कचऱ्याचं टोक सोडलं तरी तीनशेच्या वर वापरांत बरोबरी होते, आणि डेपोतला मिथेन धरला तर त्याच्या कितीतरी आधी. इलेक्ट्रिक गीझरचं पाणी वापरणार असाल, तर कप जळत असले तर कागदी कपच हलका, आणि डेपोत जात असले तर दोघांत सांगण्यासारखा फरक नाही. गच्चीवर सोलर बसवलंत तर हा हिशेब पुन्हा करायचा, कारण तापवण्याचे चौदा ग्रॅम तिथे जवळजवळ उरतच नाहीत.

त्यांच्या जाहिरात विभागाला मात्र एक ओळ हवी होती, भिंतीवर लावायला: ‘आमचा मग कागदी कपापेक्षा अमुक टक्के हिरवा’. कंपनीच्या आत निर्णय घेण्यासाठी हा अभ्यास पुरेसा होता. एक वस्तू दुसरीपेक्षा चांगली असं एलसीएच्या आधारानं लोकांपुढे सांगायचं असेल, तर आयएसओ १४०४४ नुसार स्वतंत्र परीक्षकांच्या मंडळाकडून अभ्यास तपासून घ्यावा लागतो, मंडळात किमान तीन जण हवेत, आणि दोन्ही वस्तूंचं फंक्शनल युनिट व सिस्टीम बाउंडरी समतुल्य असल्याचं दाखवावं लागतं. त्याचा खर्च आणि लागणारे महिने सांगितल्यावर ती ओळ भिंतीवर गेली नाही. त्याऐवजी डिशवॉशरच्या वर एक पाटी लागली, ‘पंचवीस झाल्याशिवाय चालू करू नये’, आणि ती मावशींनी स्वतः लिहून घेतली.